दादाला टेस्टोस्टेरॉन सुरू करायचंय, पण त्याला स्टेंट आहे. हार्ट अटॅकची भीती खरी की खोटी?

रंकाळा_काठ
बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी लिहितोय. थोरला भाऊ, वय ५६, शिरोलीत वर्कशॉप. तीन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसला. शुगर आहे, गोळ्या चालू. गेलं वर्षभर म्हणतो, अंगात जीवच नाही. संध्याकाळी सहालाच खुर्चीत डुलक्या. बाकीचंही थंड पडलंय, समजून घ्या. गेल्या महिन्यात एका लॅबच्या 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन २४८ आलं. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन घ्या, पैलवान व्हाल. दादा खूश. पण वहिनीने मोबाईलवर वाचलं की यानं हार्ट अटॅक आणि लकवा येतो. तिनं चिठ्ठीच लपवून ठेवलीय. घरात दोन तट पडलेत आणि मी मधे. कुणाला नीट माहिती आहे का? मोठ्या चाचण्यांमध्ये नक्की काय निघालं?

गूळखडा
पहिला प्रश्न, वहिनीनं चिठ्ठी कुठं लपवली? पिठाच्या डब्यात असेल तर दादाला कधीच सापडणार नाही.

तालमीतला
भावा, विषय कधीच संपलाय. २०२३ ला अमेरिकेत पाच हजार लोकांवर अभ्यास झाला, अटॅकचा धोका शून्य निघाला. तिथल्या औषध नियंत्रकांनी, एफडीएनं, औषधावरची वॉर्निंगपण काढून टाकली. वहिनींना सांगा, जुनं वाचलंय तुम्ही. आमच्या जिममध्ये निम्मी पोरं घेतात, एकालाही काही झालेलं नाही. २४८ म्हणजे म्हातारपण आलंय, बिनधास्त घ्या.

सुमन_कळंबा
माझ्या नणंदेलाही असंच थकल्यासारखं व्हायचं. तिची टी थ्री, टी फोर तपासली तर थायरॉईड निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आता एकदम ठणठणीत. भावाला गोळीच द्या, इंजेक्शन कशाला?

गूळखडा
ताई, टी एकच असला तरी गावं वेगळी आहेत. :)

सुमन_कळंबा
अगं बाई, हे ते आहे होय. मी चष्मा न लावता वाचलं. पण थायरॉईडही बघून घ्या म्हणते मी, थकवा त्यानंही येतोच.

आकडेमोड
मूळची बिंदू चौकातली, आता पुण्यात औषध चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करते. टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीवर मी काम केलेलं नाही, पण हा पेपर आम्ही ऑफिसात बारकाईनं वाचलाय, म्हणून लिहिते.

तालमीतला, तुम्ही म्हणताय ती चाचणी म्हणजे ट्रॅव्हर्स. पण 'धोका शून्य' असं त्यात कुठंही नाही.

वहिनी म्हणतात ती भीतीही हवेतून आलेली नाही. २०१० मध्ये हालचाल मंदावलेल्या म्हाताऱ्या पुरुषांवर एक छोटी चाचणी चालू होती, २०९ जण. ती मधेच थांबवावी लागली, कारण हृदयाशी संबंधित त्रास जेल लावणाऱ्या गटात २३ जणांना झाला आणि नुसतं मलम लावणाऱ्यांत ५ जणांना. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरून आणखी एक पेपर आला, त्यातही धोका वाढलेला दिसला. तो पेपर नंतर वादात सापडला. पुरुषांच्या या अभ्यासात शंभरेक बायकांच्या नोंदी मिसळल्याचं निघालं, दुरुस्ती छापावी लागली. तरी एकूण धूर इतका झाला की २०१५ मध्ये एफडीएनं कंपन्यांना बजावलं, औषधावर इशारा छापा आणि एकदाच नीट मोठी चाचणी करून दाखवा. ट्रॅव्हर्स त्यातून उभी राहिली.

आता ती कशी केली ते बघा, कारण उत्तर तिथंच आहे. ४५ ते ८० वयाचे पाच हजार दोनशेच्या वर पुरुष घेतले. सगळ्यांना आधीच हृदयविकार होता किंवा होण्याची मोठी शक्यता होती. म्हणजे तुमच्या दादासारखेच. लक्षणं हवीत, आणि टेस्टोस्टेरॉन दोन वेगवेगळ्या वेळी उपाशीपोटी ३०० च्या खाली हवं. निम्म्यांना रोज अंगाला लावायचं टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं. रक्तातली पातळी ३५० ते ७५० मध्ये राहावी म्हणून डोस कमीजास्त करत राहिले. मजा म्हणजे बिनऔषधाच्या गटाचेही डोस खोटे खोटे बदलत होते, नाहीतर कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णाला लगेच कळलं असतं.

सरासरी ३३ महिने लक्ष ठेवलं. हृदयविकारानं मृत्यू, हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक, यातलं काहीतरी जेलच्या गटात १८२ जणांना झालं, म्हणजे ७.० टक्के. दुसऱ्या गटात १९० जणांना, ७.३ टक्के. जवळजवळ बरोबरी.

गूळखडा
म्हणजे तालमीतला बरोबरच की.

आकडेमोड
नाही हो. चाचणीचा प्रश्न 'धोका आहे का' असा नव्हताच. 'धोका दीडपट किंवा त्याहून जास्त वाढतो, ही शक्यता आपण फेटाळू शकतो का' असा होता. उत्तर आलं, हो, फेटाळू शकतो. दोन गटांचं गुणोत्तर ०.९६ आलं, पण खरं गुणोत्तर ०.७८ पासून १.१७ पर्यंत कुठंही असू शकतं. म्हणजे २२ टक्के फायदाही असू शकतो आणि १७ टक्के तोटाही. यातला तोटा नाहीच असं कुणी म्हणालं तर तो चाचणीच्या पुढं जाऊन बोलतोय.

आणि एफडीएचं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी अटॅकबद्दलचा ठळक इशारा बदलून तिथं ट्रॅव्हर्सचा निकाल घालायला सांगितलं, इथवर बरोबर. पण त्याच वेळी रक्तदाब वाढतो असा इशारा सगळ्या टेस्टोस्टेरॉन औषधांवर घालायला लावला. आणि नुसतं वय झालं म्हणून पातळी उतरली असेल तर या औषधाचा उपयोग सिद्ध झालेला नाही, ही ओळ तशीच ठेवली. 'म्हातारपण आलंय, बिनधास्त घ्या' हे तुमचं वाक्य बरोबर त्या ओळीवर आपटतं.

तालमीतला
मॅडम, १७ टक्के कागदावर. प्रत्यक्षात ७.० आणि ७.३. कमी झालंय की! तुम्ही आकडेवाल्यांना ग्लास कायम अर्धा रिकामाच दिसतो.

गूळखडा
त्यांना ग्लास ०.७८ ते १.१७ भरलेला दिसतो.

पाखरू_न्यूजर्सी
मी इथं अडीच वर्षं जेल वापरतोय, म्हणून हा पेपर मीही वाचला होता. एक गोष्ट कुणी बोलत नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी औषध मधेच सोडलं होतं, साठ टक्क्यांच्या वर. औषध घेतलंच नाही तर अटॅक कशानं येणार? दोन्ही गट सारखे दिसणारच की.

आकडेमोड
पाखरू, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. औषध सोडणारे दोन्ही गटांत साधारण ६१ टक्के होते, सरासरी जेमतेम २२ महिने लोकांनी जेल लावलं. अशा गळतीनं दोन गट एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि 'फरक नाही' हेच सिद्ध करायचं असेल तर ही गळती उलट निकालाच्या बाजूनं काम करते. त्यांनी औषध चालू असतानाचा काळ वेगळा काढूनही हिशोब केला, तेव्हाही फरक दिसला नाही. त्यानं माझं समाधान बरंचसं होतं, पूर्ण नाही. दहा वर्षं सलग घेतलं तर काय, हे ही चाचणी सांगू शकत नाही. एवढं मान्य.

पाखरू_न्यूजर्सी
धन्यवाद. बायकोला हा मेसेज दाखवणार नाही.

फौंड्रीवाला
मी आपला अनुभव सांगतो. शहाणपण शिकवत नाही, जे झालं ते सांगतो.

वय ४४ होतं. जिममधल्या ट्रेनरनं दर आठवड्याला इंजेक्शन सुरू करून दिलं. रिपोर्ट नाही, काही नाही. पहिले चार महिने काय सांगू, वाटलं पुन्हा कॉलेजला गेलो. दंड भरले, झोप कमी लागायची, भांडणं वाढली. मग तोंड लाल दिसायला लागलं. लोक म्हणायचे, काय तेज आलंय. डोकं जड, अंघोळीनंतर अंगाला खाज. एकदा मुंबईला रात्रीच्या बसनं गेलो, उतरलो तर डावी पोटरी सुजून दगड झालेली. दोन दिवस मूव्ह चोळत बसलो. बायकोनं ओढून दवाखान्यात नेलं, डॉपलरमध्ये नसेत गुठळी निघाली. रक्त तपासलं तर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ५७ टक्के. डॉक्टर म्हणाले, रक्त आहे का काकवी?

इंजेक्शनमुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, असंही तेच म्हणाले. बसमध्ये दहा तास पाय मुडपून बसलो होतो, तेही आहेच. पण सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या खाल्ल्या. इंजेक्शन सोडल्यावर पुढचं वर्ष इतकं वाईट गेलं की विचारू नका. अंगातलं स्वतःचं तयार होणंच बंद पडलं होतं.

गूळखडा
काकवीवर मी काय बोलणार, माझं नावच तसं आहे. पण दादा, जपा.

डॉ_शाहूपुरी
फौंड्रीवाले, नीट सांगितलंत. या धाग्यात सगळे अटॅकवर वाद घालत होते आणि खरी काळजीची गोष्ट तुमच्या पोटरीत होती.

मी फिजिशियन आहे. ओळख न सांगता लिहितो, आणि इथं कुणाला औषध देत नाही. ट्रॅव्हर्समध्ये तीन गोष्टी जेलच्या गटात जास्त झाल्या. हृदयाचे ठोके अनियमित होणं ३.५ टक्के, दुसऱ्या गटात २.४. फुफ्फुसात गुठळी ०.९, तिकडं ०.५. मूत्रपिंडाला अचानक इजा २.३, तिकडं १.५. आकडे लहान आहेत. हजार जणांना जेल देऊन तीनेक वर्षं लक्ष ठेवलं तर ठोके बिघडलेले अकरा जास्त, गुठळीचे चार जास्त. पण हे हजार जण आधीच हृदयरोगी किंवा त्याच्या उंबरठ्यावरचे आहेत हे विसरू नका. ज्यांना पूर्वी गुठळी झालीय त्यांच्यात जपून, असं चाचणी करणाऱ्यांनीच लिहिलंय. ठोके अनियमित झाले की पुढं स्ट्रोकची दारं उघडतात, त्यामुळं मला ते जास्त खुपतं. चाचणीत स्ट्रोक वाढले नाहीत हेही तितकंच खरं. तीन वर्षांत दिसलं नाही म्हणून पुढं दिसणारच नाही, किंवा दिसेलच, दोन्ही मी म्हणणार नाही.

रक्त दाट का होतं? टेस्टोस्टेरॉन मज्जेला जास्त तांबड्या पेशी बनवायला लावतं, आणि त्यासाठी लागणारं लोह शरीर जास्त मोकळं सोडतं. जेलमध्ये हे कमी होतं, इंजेक्शनमध्ये जास्त, कारण इंजेक्शन घेतलं की दोनतीन दिवसांत पातळी उसळी मारून वर जाते आणि तिसऱ्या आठवड्यात तळाला येते. माणूसही तसाच, पहिले चार दिवस वाघ, शेवटी चिडचिड. म्हणूनच ट्रॅव्हर्सचा निकाल आहे तो जेलचा, पातळी मोजत, हिमॅटोक्रिट बघत दिलेल्या जेलचा. दर तीन आठवड्यांनी ठोकलेल्या इंजेक्शनचा नाही, आणि जिममधल्या डोसचा तर अजिबातच नाही.

तालमीतला
डॉक्टर, जेल इथं महाग पडतं आणि रोज लावायचं. लोक इंजेक्शनच घेणार. मग त्यांना काय सांगायचं?

डॉ_शाहूपुरी
प्रश्न रास्त आहे. माझ्याही बऱ्याच पेशंटना इंजेक्शनच परवडतं. तेव्हा मी डोस लहान करून जवळजवळ देतो, आणि हिमॅटोक्रिट सुरू करण्याआधी, मग तीनेक महिन्यांनी, मग ठरावीक काळानं बघतो. ५४ च्या वर गेलं की थांबवतो. हे करून धोका ट्रॅव्हर्सएवढाच होतो असा पुरावा माझ्याकडं नाही. करतो, कारण न बघता देण्यापेक्षा बरं.

पाखरू_न्यूजर्सी
जेलवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, लहान मुलांना उचलण्याआधी ते वाळू द्या आणि शर्ट घाला. अंगाला लागून मुलांमध्ये भलतेच बदल होतात. इथं पहिल्याच दिवशी हेच बजावून सांगतात.

सुमन_कळंबा
बाप रे. हे तर कुणीच सांगितलं नव्हतं.

डॉ_शाहूपुरी
आता मूळ धागाकर्ता, तुमचा २४८ चा रिपोर्ट. रक्त किती वाजता दिलं?

रंकाळा_काठ
विचारलं. लॅबचा माणूस वर्कशॉपवरच आला होता, दुपारी चारला. दादानं जेवण करून, वर चहा घेऊन दिलं. आणि त्या आठवड्यात त्याला ताप येऊन गेला होता.

डॉ_शाहूपुरी
मग तो आकडा चिठ्ठीबरोबर पिठाच्या डब्यातच ठेवा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारपर्यंत उतरतं. जेवल्यावर उतरतं, आजारपणात उतरतं. तिन्ही एकदम. सकाळी आठच्या सुमारास, उपाशीपोटी, ताप उतरून दोनतीन आठवडे झाल्यावर, दोन वेगळ्या दिवशी तपासा. सोबत हिमॅटोक्रिट आणि एलएच, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम देणारं संप्रेरक. आणि एक सांगा, घोरतो का?

रंकाळा_काठ
घोरतो? शेजारच्या बंगल्यातले लोक खिडकी लावून घेतात.

गूळखडा
आमच्या गल्लीतही एक आहेत. पावसाळ्यात वीज कडाडली तरी कळत नाही.

आकडेमोड
हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टर उगाच विचारत नाहीयेत. झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसा डुलक्या येणारच, टेस्टोस्टेरॉनही उतरू शकतं आणि रक्तही आपोआप दाट होऊ शकतं. थकवा आहे म्हणून पातळी मोजली, पातळी कमी आली म्हणून तेच कारण धरलं, असा उलटा हिशोब फार लोक करतात.

तालमीतला
म्हणजे रोग घोरण्यात आणि इंजेक्शन कुल्ल्यात. पटलं.

*(तीन आठवड्यांनी)*

रंकाळा_काठ
अपडेट देतोय. दादाला दोनदा सकाळी साडेसातला लॅबमध्ये नेलं, उपाशी. पहिल्यांदा ३३१, दुसऱ्यांदा २९४. हिमॅटोक्रिट ५१. सिगरेट दिवसाला सातआठ, हे त्यानं आजवर मला सांगितलंच नव्हतं. लॅबच्या फॉर्मवर विचारलं तेव्हा कळलं. वहिनी शेजारीच उभी होती, तिथंच एक वेगळी चाचणी झाली.

गूळखडा
निकाल काय लागला, १.१७ च्या वर?

आकडेमोड
रंकाळा, दोन गोष्टी दिसतात. ट्रॅव्हर्सला दोन्ही रिपोर्ट ३०० च्या खाली हवे होते, दादाचा एकच आहे. आणि ५० च्या वर हिमॅटोक्रिट असलेल्यांना त्यांनी चाचणीत घेतलंच नव्हतं. म्हणजे स्टेंट, शुगर, वय सगळं जुळतं, पण ७.० आणि ७.३ चा दिलासा दादाला लागू होत नाही. त्या दाराशीच त्याला परत पाठवलं असतं.

डॉ_शाहूपुरी
सहमत. ५१ वर इंजेक्शन मी सुरू करणार नाही. आधी सिगरेट आणि झोपेची तपासणी. ते नीट करून रक्त खाली आलं आणि सकाळची पातळी तरीही दोनदा ३०० खाली राहिली, तर तेव्हा जेलचा विचार, आणि तो त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून. पोट कमी झालं तर पातळी आपोआपही थोडी चढते. २९४ आणि ३३१ मधला माणूस नक्की आजारी आहे का, यावर आम्हा डॉक्टरांचंही एकमत नाही. मला विचाराल तर नाही. दुसरा फिजिशियन वेगळं सांगेल.

पाखरू_न्यूजर्सी
इथं माझं २८० आणि २९० होतं. मला लगेच दिलं. आता हा धागा वाचून माझंच हिमॅटोक्रिट शोधतोय, सहा महिन्यांपूर्वीचं ४९ दिसतंय. सुरुवातीला ४४ होतं.

डॉ_शाहूपुरी
सहा महिने फार झाले. परत तपासा.

फौंड्रीवाला
आणि विमानात लांबचा प्रवास असेल तर मधेमधे उठून चाला हो. पाय मुडपून बसू नका.

तालमीतला
एक कबूल करतो. काल जिममध्ये तिघांना हिमॅटोक्रिट करायला पाठवलं. एकाचं ५३ आलं. बाकीच्या दोघांनी रिपोर्ट दाखवलाच नाही, म्हणजे समजा काय ते. पण मॅडम, तुमचा तो अर्धा ग्लास मी अजून मानत नाही. अटॅक वाढत नाही हे एवढ्या मोठ्या चाचणीत दिसलंय, ते दिसलंय.

आकडेमोड
जेलवर, मोजूनमापून, तीन वर्षांत. एवढं जोडलंत तर मीही सही करते.

सुमन_कळंबा
रंकाळा, भावाची थायरॉईड केली का शेवटी?

रंकाळा_काठ
केली ताई. नॉर्मल आहे. झोपेच्या तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारची मिळालीय. यंत्र घरी लावून देणार आहेत. वहिनी म्हणते, आधी ते यंत्र त्या आवाजात टिकतंय का बघू.